शेअर विकल्यावर गुंतवणुकीचं लेजर उलटं का पडतं, आणि नफ्याचे तीन आकडे का येतात

लक्षण ओळखायला सोपं आहे. डीमॅट स्टेटमेंटमध्ये ५० शेअर शिल्लक दिसतात आणि टॅलीमध्ये त्याच कंपनीच्या गुंतवणुकीचं लेजर मात्र क्रेडिट बॅलन्स दाखवतं. जे शेअर आपल्याकडे आहेत त्यांची खरेदी किंमत शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे एंट्री चुकली आहे. कधी याच्या उलट होतं: सगळे शेअर विकून झाले तरी लेजरमध्ये काही हजारांची शिल्लक लोंबकळत राहते. आणि हे दोन्ही नसलं तरी तिसरी तक्रार असतेच. पुस्तकातला नफा एक, ब्रोकरच्या कॅपिटल गेन स्टेटमेंटमधला दुसरा आणि सीएंनी रिटर्नमध्ये धरलेला तिसराच.

ठाण्यात नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत ज्या छोट्या कंपन्यांची पुस्तकं माझ्याकडे येतात, त्यांच्यात मार्च उलटला की हा प्रश्न ठरलेला. तो पुन्हा पुन्हा येतो याचं कारण म्हणजे उरलेला फरक वर्षअखेरीला ‘सस्पेन्स’ किंवा ‘राउंड ऑफ’मध्ये ढकलून लेजर गप्प केलं जातं. पुढच्या विक्रीची सुरुवात मग त्याच चुकीच्या शिल्लकेवरून होते. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

वागळे इस्टेटमधली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरा. तिचा धंदा मशीनचे सुटे भाग बनवण्याचा, आणि हाताशी उरलेल्या पैशातून तिने एका लिस्टेड कंपनीचे शेअर गुंतवणूक म्हणून घेतले आहेत. जून २०२३ मध्ये ४०० रुपयांनी १०० शेअर, फेब्रुवारी २०२५ मध्ये ६०० रुपयांनी आणखी १००. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यातले १५० शेअर ७०० रुपयांनी विकले. ब्रोकर ०.३ टक्के ब्रोकरेज घेतो. पैसे सोडून आकडे पूर्ण रुपयांत घेतले आहेत.

पहिल्या खरेदीची किंमत ४०,००० रुपये. त्यावर ब्रोकरेज १२०, जीएसटी आणि एक्सचेंज-सेबीची शुल्कं मिळून २३, स्टँप ड्युटी ६ आणि एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, ४०. एकूण ४०,१८९. दुसरी खरेदी ६०,००० रुपयांची; तिच्यावर ब्रोकरेज १८०, जीएसटी व शुल्कं ३५, स्टँप ड्युटी ९, एसटीटी ६०. एकूण ६०,२८४. खरेदीच्या वेळी या कंपनीच्या अकाउंटंटने काम बरोबर केलं होतं: सगळे खर्च गुंतवणुकीच्या किमतीत धरले. लेखा मानक १३ तेच सांगतं, की ब्रोकरेज, फी आणि ड्युटी हा खरेदी किमतीचाच भाग. त्यामुळे विक्रीच्या आदल्या दिवशी लेजरमध्ये २०० शेअरपोटी १,००,४७३ रुपये डेबिट होते. बरोबर.

बँकेतली रक्कम सरळ लेजरला टाकली, तिथे बिघडलं

विक्रीची काँट्रॅक्ट नोट अशी: एकूण किंमत १,०५,०००. वजा ब्रोकरेज ३१५, जीएसटी आणि एक्सचेंज-सेबीची शुल्कं ६१, एसटीटी १०५. विक्रीवर स्टँप ड्युटी नसते, ती फक्त खरेदी करणाऱ्याला लागते. निव्वळ येणे १,०४,५१९. पण बँकेत आले १,०४,५०१. मधले १८ रुपये म्हणजे शेअर डीमॅटमधून बाहेर गेल्याबद्दलचा डीपी चार्ज, जीएसटीसह. हा चार्ज काँट्रॅक्ट नोटवर सहसा नसतो. ब्रोकर तो आपल्या लेजरमध्ये वेगळा नावे टाकतो, आणि एका दिवशी एका कंपनीचे कितीही शेअर विकले तरी तो एकदाच लागतो. त्याची रक्कम ब्रोकरनुसार बदलते.

‘सर, बँकेत जेवढे आले तेवढेच तर टाकलेत’ हे फोनवर नेहमी ऐकू येतं. नेमकं तेच झालेलं असतं. रिसीट व्हाउचर केलं, बँक डेबिट, गुंतवणूक क्रेडिट, १,०४,५०१. लेजरमध्ये १,००,४७३ होते, त्यातून १,०४,५०१ गेले, म्हणून ४,०२८ क्रेडिट. डीमॅटमध्ये ५० शेअर जसेच्या तसे.

गुंतवणुकीच्या लेजरमधून विक्रीची रक्कम कधीच बाहेर काढायची नसते. बाहेर जाते ती विकलेल्या शेअरची खरेदी किंमत. विक्रीची रक्कम आणि ही किंमत यांच्यातला फरक म्हणजे नफा किंवा तोटा, आणि त्याची जागा नफातोटा पत्रकात आहे. वरच्या एंट्रीत नफा गुंतवणुकीच्या लेजरमध्येच दडून बसला.

दुसरी गोष्ट, बँकेची एंट्री आणि विक्रीची एंट्री या दोन वेगळ्या घटना आहेत, त्या एकाच व्हाउचरमध्ये कोंबू नयेत. विक्री झाली काँट्रॅक्ट नोटच्या तारखेला. पैसे ब्रोकरकडे पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात, पण तुम्ही मागवेपर्यंत किंवा ठरलेल्या तिमाही-मासिक सेटलमेंटपर्यंत ते तिथेच राहू शकतात. बऱ्याचदा दोन-तीन विक्र्या आणि एखादी खरेदी यांची वजाबाकी होऊन एकच रक्कम बँकेत येते. ती रक्कम कुठल्या शेअरची, हे बँकेच्या पासबुकावरून कळणारच नाही. मार्चच्या शेवटच्या दिवशी केलेल्या विक्रीचे पैसे तर एप्रिलमध्येच येणार. नफा मात्र मार्चच्या वर्षातला, आणि ३१ मार्चला ते पैसे ब्रोकरकडून येणे म्हणून दिसले पाहिजेत.

म्हणून ब्रोकरच्या नावाचं स्वतंत्र लेजर उघडा आणि विक्रीसाठी काँट्रॅक्ट नोटच्या तारखेला जर्नल करा:

```
ब्रोकर                         डेबिट    १,०४,५१९
शेअर विक्रीचा खर्च               डेबिट        ३७६
एसटीटी                        डेबिट        १०५
    गुंतवणूक (१५० शेअर)         क्रेडिट    ७५,३५५
    शेअर विक्रीवरील नफा         क्रेडिट    २९,६४५
```

३७६ म्हणजे ब्रोकरेज ३१५ आणि जीएसटी-शुल्कं ६१. डीपी चार्जचे १८ ब्रोकरच्या लेजरला क्रेडिट करून विक्रीच्या खर्चात डेबिट करा. मग बँकेत १,०४,५०१ आले की फक्त बँक डेबिट, ब्रोकर क्रेडिट. ब्रोकरचं लेजर शून्यावर येतं. आलं नाही, तर ब्रोकरच्या साइटवरून त्याच काळाचं लेजर उतरवून घ्या आणि ओळीला ओळ लावा. उरलेला फरक जवळजवळ नेहमी डीपी चार्ज, डीमॅटची वार्षिक फी किंवा उशिराचं व्याज यातलाच निघतो. वार्षिक फी आणि व्याज विक्रीच्या खर्चात घालू नका, त्यांचा या विक्रीशी संबंध नाही.

खर्च आणि एसटीटी वेगळे ठेवले ते मुद्दाम. पत्रकात दाखवताना ते नफ्यातून वजा होऊन २९,६४५ चे २९,१४६ होतील, कारण लेखा मानक १३ नुसार नफा खर्च वजा जाताच मोजायचा. पण एसटीटी इतर खर्चात मिसळला, तर रिटर्न भरताना तो पुन्हा काँट्रॅक्ट नोटांमधून वेचून काढावा लागतो.

जीएसटीच्या बाबतीत एक सवय मोडली पाहिजे. कंपनीचा जीएसटी नंबर ब्रोकरकडे नोंदलेला असला की ब्रोकरेजवरचा जीएसटी पोर्टलवर दिसतो आणि अकाउंटंट तो इनपुट क्रेडिटमध्ये घेऊन टाकतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७ मध्ये शेअरचे व्यवहार क्रेडिटच्या हिशोबासाठी करमुक्त पुरवठ्यात धरलेले आहेत. सुटे भाग बनवण्याच्या धंद्याशी या ब्रोकरेजचा संबंध नाही. तो जीएसटी खर्चातच राहू द्या.

७५,३५५ कुठून आले

याच आकड्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. अकाउंटंट म्हणतो, आधी घेतलेले आधी विकले, म्हणजे जूनचे १०० आणि फेब्रुवारीचे ५०. ती पद्धत आयकरासाठी बरोबर आहे. पुस्तकासाठी लेखा मानक १३ वेगळं सांगतं: एकाच गुंतवणुकीचा काही भाग विकला, तर त्या भागाची किंमत संपूर्ण शिलकीच्या सरासरीने काढायची. १,००,४७३ भागिले २०० म्हणजे दर शेअरमागे ५०२ रुपये ३६.५ पैसे. त्याला १५० ने गुणलं की ७५,३५५. लेजरमध्ये ५० शेअरपोटी उरतात २५,११८, आणि हाच आकडा ताळेबंदात जातो.

आपली एंट्री बरोबर झाली की नाही हे तपासायचा साधा उपाय म्हणजे शिल्लक भागिले शेअरची संख्या. विक्रीच्या आधी आणि नंतर तो भागाकार तोच आला पाहिजे. २५,११८ भागिले ५०, पुन्हा ५०२ रुपये ३६ पैसे. सरासरी पद्धतीत विक्रीने दर बदलत नाही, फक्त खरेदीने बदलतो. विक्रीनंतर दर हलला असेल, तर कुठेतरी नफा किंवा खर्च त्या लेजरमध्ये शिरला आहे. साध्या लेजरमध्ये संख्या राहत नाही, म्हणून प्रत्येक नॅरेशनमध्ये किती शेअर आले-गेले आणि किती उरले हे लिहायची शिस्त ठेवा. ३१ मार्चला ती संख्या डीमॅटच्या होल्डिंग स्टेटमेंटशी लावा. रकमेची चूक शोधायला बसण्याआधी संख्या जुळते का ते पाहणं मला नेहमी पहिलं वाटतं, कारण संख्याच जुळत नसेल तर बोनस, स्प्लिट किंवा एखादी पूर्ण राहून गेलेली काँट्रॅक्ट नोट निघते.

पूर्वी ताळेबंदात या शेअरची किंमत घसरणीमुळे कमी करून ठेवली असेल, तर सरासरी त्या कमी केलेल्या आकड्यावरून काढायची. आयकराला मात्र ती घसरण माहीत नाही, तिथे मूळ खरेदी किंमतच चालते. आणि हे सगळं जुन्या लेखा मानकांवर चालणाऱ्या कंपन्यांपुरतं आहे. इंड-एएस लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांचं गणित निराळं असतं.

आता रिटर्नमधला नफा

डीमॅटमधल्या शेअरना आयकर आधी आलेले आधी गेले असं मानतो, आणि तेही प्रत्येक डीमॅट खात्याचा हिशोब स्वतंत्र धरून. १९९८ च्या परिपत्रक ७६८ पासून हे स्पष्ट आहे. कंपनीची दोन डीमॅट खाती असतील, तर ज्या खात्यातून शेअर गेले त्याच खात्यातली सर्वांत जुनी खरेदी धरायची. पुस्तकाची सरासरी मात्र दोन्ही खाती मिळून. हा फरक लक्षात न घेतल्याने कित्येक तास वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरा नियम एसटीटीचा. भांडवली नफा काढताना एसटीटीची वजावट मिळत नाही, खरेदीवरच्याही नाही आणि विक्रीवरच्याही नाही; १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४८ मध्ये तशी अट आहे. ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्सचेंजची शुल्कं हे विक्रीसाठीच झालेले खर्च म्हणून वजा होतात, आणि खरेदीच्या वेळचे तेच खर्च, स्टँप ड्युटीसह, खरेदी किमतीत धरता येतात. एसटीटी खर्च म्हणून वजा होतो तो शेअर हाच ज्यांचा धंदा आहे त्यांना. गुंतवणूकदाराने तो धरायचा नाही.

जूनचे १०० शेअर: विक्री ७०,०००. विक्रीखर्च एकूण ३९४ (३१५, ६१ आणि १८), त्याचा दोन तृतीयांश २६३. एसटीटी सोडून खरेदी ४०,१४९. नफा २९,५८८. बारा महिने उलटून गेलेत, म्हणून दीर्घकालीन.

फेब्रुवारीतले ५० शेअर: विक्री ३५,०००, खर्च १३१, खरेदी ६०,२२४ ची निम्मी म्हणजे ३०,११२. नफा ४,७५७. सहाच महिने झालेत, म्हणून अल्पकालीन.

एकूण ३४,३४५. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि वर्षभरातला असा दीर्घकालीन नफा सव्वा लाखावर गेला तर वरच्या रकमेवर १२.५ टक्के. या कंपनीची वर्षातली दुसरी विक्री नसेल, तर २९,५८८ वर कर नाही, ४,७५७ वर आहे. धारणकाळ मोजताना तारीख काँट्रॅक्ट नोटची घ्या. पैसे कधी आले त्यावर तो ठरत नाही.

पुस्तकात २९,१४६ आणि करासाठी ३४,३४५. फरक ५,१९९. हा फरक चूक नव्हे, पण तो समजावून सांगता आला पाहिजे, आणि तो तीन तुकड्यांत येतो. सरासरी आणि आधी आलेले आधी गेले या दोन पद्धतींतला फरक ५,०२४: सरासरीने ७५,३५५, दुसऱ्या पद्धतीने, एसटीटी धरून, ७०,३३१. विकलेल्या शेअरवर खरेदीच्या वेळी दिलेला एसटीटी ७०. विक्रीवरचा एसटीटी १०५. बेरीज ५,१९९. उरलेले ५० शेअर विकले जातील तेव्हा ५,०२४ उलट्या दिशेने भरून निघतील, कारण पुस्तकात त्यांची किंमत कमी आहे. एसटीटीचे मात्र कधीच भरून निघत नाहीत. हा तक्ता कंपनीच्या फाइलमध्ये ठेवा. ऑडिटर विचारतीलच, आणि पुढच्या विक्रीला तुम्हालाही लागेल. धंद्याचं उत्पन्न काढताना पुस्तकातला २९,१४६ आधी वजा करून घ्यायला विसरू नका, नाहीतर त्याच नफ्यावर दोनदा कर भराल.

ब्रोकरचं स्टेटमेंट ३५,००० म्हणतं

तेही आपल्या जागी बरोबर आहे. बऱ्याच स्टेटमेंटमध्ये नफा नुसत्या भावावर काढलेला असतो: १,०५,००० वजा ७०,०००. खर्च शेवटी वेगळ्या यादीत दिलेले असतात. ३५,००० मधून विक्रीचे ३९४, जूनच्या खरेदीचे १४९ आणि फेब्रुवारीतल्या निम्म्या खरेदीचे ११२ वजा करा, ३४,३४५ येतात. म्हणजे स्टेटमेंट उतरवून तसंच रिटर्नमध्ये टाकलं, तर ६५५ रुपयांवर हक्क सोडला. इथे रक्कम लहान आहे, पण भरपूर विक्री करणाऱ्याचं ब्रोकरेज वर्षभरात बरंच होतं. उलट कुणी त्या खर्चांच्या यादीची सरसकट बेरीज वजा केली, तर एसटीटीही वजा होतो आणि नफा कमी दाखवला जातो. स्टेटमेंट हातात आलं की भाव खर्चासह आहे की खर्चाविना, हे एका ओळीवर काँट्रॅक्ट नोट लावून आधी ठरवा.

स्टेटमेंट खरोखरच चुकतं ते दोन ठिकाणी. शेअर दुसऱ्या ब्रोकरकडून या डीमॅटमध्ये आणलेले असतील, तर या ब्रोकरला त्यांची खरेदी किंमत माहीत नसते. तिथे शून्य येतं, किंवा आणलेल्या दिवसाचा भाव आणि त्याच दिवसाची तारीख येते. मग दीर्घकालीन नफा अल्पकालीन दिसतो. जुन्या ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटा काढून किंमत आणि तारीख दोन्ही दुरुस्त करा. दुसरं ठिकाण बोनसचं. करासाठी बोनस शेअरची किंमत शून्य आणि धारणकाळ बोनस मिळाल्या दिवसापासून. पुस्तकात मात्र बोनसची वेगळी एंट्री रकमेत होत नाही, फक्त संख्या वाढते आणि सरासरी खाली येते. एकास एक बोनसची संख्या नोंदवायची राहिली, तर पुढच्या विक्रीत दुप्पट किंमत लेजरमधून निघून जाते आणि नफ्याच्या जागी तोटा दिसतो. असा अचानक तोटा दिसला की आधी संख्याच पाहा.

मागच्या वर्षी चुकलं असेल तर

मंजूर झालेल्या ताळेबंदाच्या वर्षात जाऊन व्हाउचर बदलू नका. चालू वर्षाच्या १ एप्रिलला हातात किती शेअर होते ते होल्डिंग स्टेटमेंटवरून घ्या, खरेदीच्या काँट्रॅक्ट नोटांवरून त्यांची सरासरी किंमत पुन्हा बांधा, आणि लेजरमधली शिल्लक तिथे आणणारी एकच जर्नल एंट्री करा. समोरची बाजू ‘पूर्वीच्या वर्षांचे समायोजन’ अशा वेगळ्या लेजरला जाईल, म्हणजे या वर्षाच्या शेअर विक्रीच्या नफ्यात ती मिसळणार नाही. वरच्या कंपनीने ऑगस्टची एंट्री तशीच ठेवून वर्ष बंद केलं असतं, तर ही दुरुस्ती झाली असती २९,१४६ ची: ४,०२८ क्रेडिट पुसून २५,११८ डेबिट आणायचे. नफा नेमका तेवढाच दडला होता, यावरून पडताळाही मिळतो.

त्यानंतर त्या वर्षाचं रिटर्न काढून बघा. पुस्तकात नफा दिसत नव्हता म्हणून रिटर्नमध्येही तो राहून गेला असेल, तर डिपॉझिटरीने कळवलेली विक्री वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतच असते. नोटीस येण्याआधी सीएंशी बोलून अपडेटेड रिटर्न भरता येईल का ते ठरवा. त्यात जादा कर द्यावा लागतो, आणि कर कमी करून घेण्यासाठी किंवा तोटा दाखवण्यासाठी तो मार्ग खुला नाही.